हप्ता कधीच चुकला नाही, तरी दर चढाच का?

गृहकर्जाच्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या जुन्या ग्राहकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं. "साहेब, सहा वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. व्याजात काही कमी होईल का?" बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली, आणि हे वाक्य ऐकताना दर वेळी वाईट वाटायचं. बोलणाऱ्याची बाजू खरी असायची, मागणीही रास्त असायची. पण ती ज्या शब्दांत यायची त्यांना उत्तर ठरलेलं होतं : "दर सिस्टिममधून येतो, आमच्या हातात नाही." माणूस हिरमुसून उठायचा. आणि त्याच आठवड्यात, त्याच शाखेत, कालच ओळख झालेल्या नव्या ग्राहकाला त्याच्यापेक्षा पाऊण-एक टक्का कमी दरानं कर्ज मंजूर व्हायचं.

हे असं का होतं, आणि स्वच्छ परतफेडीच्या जोरावर दर कमी करून घ्यायचा असेल तर नेमकं काय मागायचं, कुणाकडे आणि कोणत्या कागदांनिशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट कटू आहे. हप्ता वेळेवर भरणं हे बँकेच्या लेखी कौतुकाचं काम नाही, तो करार आहे. करारात 'शहाण्यासारखं वागलात तर दर उतरेल' असं कलम सहसा नसतं. म्हणून "मी नियमित भरतो, मला बक्षीस द्या" या विनंतीला बँकेच्या व्यवस्थेत खिडकीच नाही. खिडकी आहे ती वेगळ्या दोन गोष्टींना. एक, 'कर्ज देताना तुम्ही माझी जोखीम जेवढी धरली होती तेवढी आता राहिलेली नाही.' दुसरी, 'माझं खातं इतकं स्वच्छ आहे की दुसरी बँक मला आनंदानं घेईल, आणि मी जाऊ शकतो.' परतफेडीचा इतिहास या दोन्ही वाक्यांचा पुरावा आहे. नुसता सांगितला तर तो आत्मस्तुतीसारखा ऐकू येतो आणि फाइलमध्ये कुठेच नोंदला जात नाही.

आता दर बनतो कसा ते पाहू, कारण मागणी नेमकी कुठे लावायची ते त्यावर ठरतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराचं नवं गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या मापदंडाशी बांधावं लागतं. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला. रेपो बदलला की तुमचा दर तीन महिन्यांच्या आत बदलतो. पण रेपो हा दराचा फक्त पाया आहे. त्यावर बँक आपला एक भाग चढवते, त्याला सगळे 'स्प्रेड' म्हणतात. रेपो सगळ्यांना सारखाच असतो. दोन ग्राहकांत फरक पडतो तो स्प्रेडमुळे.

या स्प्रेडच्या पोटातही दोन भाग आहेत. एक जोखमीचा : हा माणूस पैसे बुडवण्याची शक्यता किती, याची किंमत. दुसरा बाकी सगळ्याचा : बँकेचा खर्च, नफा, धंद्याची गणितं. जोखमीच्या भागाबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ग्राहकाच्या पतमूल्यांकनात ठळक बदल झाला तरच, आणि करारात ठरल्याप्रमाणे, तो बदलता येतो. दुसरा भाग पूर्वी तीन वर्षांतून एकदाच बदलता यायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून या नियमात एक महत्त्वाची सैल गाठ आली. ग्राहक टिकवण्यासाठी, योग्य कारण असेल तर आणि ग्राहकाग्राहकांत भेदभाव न करता, बँक हा दुसरा भाग तीन वर्षं पूर्ण होण्याआधीही कमी करू शकते. शाखेतल्या माणसाला हा बदल माहीत असेलच असं नाही. "तीन वर्षं झाल्याशिवाय हात लावता येत नाही" हे उत्तर आलं, तर ते जुनं उत्तर आहे हे लक्षात ठेवा. बँकेवर सक्ती मात्र नाही. 'करू शकते' आणि 'करावंच लागेल' यांतलं अंतर मागणी करणाऱ्यालाच कापायचं असतं.

एक उदाहरण रचून सांगतो, म्हणजे आकडे सोपे धरता येतील. नाशिकची एक शिक्षिका. जानेवारी २०२० मध्ये तिनं फ्लॅटसाठी ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी घेतलं. तेव्हा रेपो ५.१५ टक्के होता, बँकेनं ३.२५ चा स्प्रेड लावला, दर झाला ८.४०. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला, मे २०२२ पासून चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला, तिचा दर त्याच्यामागे पावणेदहाला टेकला. २०२५ मध्ये रेपो पुन्हा उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला, आणि तिचा दर साडेआठ झाला. म्हणजे सहा वर्षांचा सगळा चढउतार फिरून ती जवळजवळ सुरुवातीच्या जागी आली. ३४ लाख मुद्दल बाकी आहे, १६८ हप्ते उरले आहेत, हप्ता ३४,६७७ रुपये.

त्याच दिवशी तीच बँक तिच्यासारख्याच पगाराच्या नव्या ग्राहकाला साडेसात टक्क्यांनी कर्ज देते आहे असं धरू. रेपो दोघींना ५.२५ च. फरक आहे तो स्प्रेडमध्ये : जुनीला ३.२५, नवीला २.२५. मधल्या काळात बँकांमध्ये नव्या ग्राहकांसाठी चढाओढ झाली, स्प्रेड खाली आला. पण जुन्या करारातला स्प्रेड जिथल्या तिथे गोठून राहिला. आपोआप तो उतरत नाही, कारण तो उतरवायला कुणी सांगितलेलं नसतं. रेपो कमी झाल्याची बातमी वाचून "आपलाही दर उतरला" या समाधानात लोक वर्षानुवर्षं राहतात, आणि स्प्रेडकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला हे मनापासून खटकतं. ज्या माणसानं सहा वर्षं भरवसा सिद्ध केला, तो अनोळखी माणसापेक्षा महाग पैसे वापरतो.

तेव्हा शिक्षिकेचं पहिलं काम म्हणजे कर्जाचं मंजुरीपत्र कपाटातून काढून त्यात मापदंड कोणता आणि स्प्रेड किती हे शोधणं. तिथे 'रेपो' किंवा 'ईबीएलआर' असं असेल तर वरची गोष्ट जशीच्या तशी लागू. 'एमसीएलआर' किंवा 'बेस रेट' असेल तर कर्ज जुन्या व्यवस्थेत अडकलं आहे, आणि आधी ते रेपोशी जोडून घ्यायची मागणी करायची. पत्रात एखाद्या गृहवित्त कंपनीचं नाव आणि तिचा स्वतःचा 'प्राइम लेंडिंग रेट' असेल, तर रेपोशी बांधण्याची सक्ती त्या कंपनीवर नाही. तिथे मापदंडही कंपनीचा आणि फरकही कंपनीचाच. तिथे दर उतरवण्याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. त्याची फी ठरलेली असते आणि मागितल्यावर अनेकदा ते फारशी खळखळ न करता देतात. मागितल्यावर, हा शब्द महत्त्वाचा.

दुसरं काम म्हणजे आपला इतिहास खरंच स्वच्छ आहे का हे बँकेच्या नजरेनं पाहणं. "एकही हप्ता चुकला नाही" हे आपल्याला आठवणारं सत्य असतं. बँक पाहते ते पत-अहवालातलं सत्य. भारतात चार कंपन्या हे अहवाल ठेवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो घ्यायचाच. त्यात प्रत्येक कर्जासमोर महिन्यामहिन्याचे चौकोन असतात आणि त्यात हप्ता किती दिवस थकला तो आकडा असतो. '०००' किंवा 'एसटीडी' म्हणजे सगळं ठीक. कुठे '०२३' दिसलं, तर त्या महिन्याच्या नोंदीला तेवीस दिवसांची थकबाकी दाखवली आहे.

लोक अडकतात ते गृहकर्जाच्या ओळीत नाही, तर भलत्याच ओळीत. बंद केलं असं वाटलेलं क्रेडिट कार्ड, ज्याची वार्षिक फी तीन वर्षं थकली आहे. मोबाइल घेताना काढलेलं छोटं कर्ज, ज्याचा शेवटचा हप्ता खात्यात पैसे नसताना परत गेला. किंवा नागरी सहकारी बँकेत मित्राच्या कर्जाला दिलेली जामीनकी, जी आपण विसरलो आणि मित्रही विसरला. जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज दिसू शकतं, आणि मित्राचे हप्ते थकले तर डाग आपल्यालाही लागतो. कर्ज नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांचेही अहवाल काढावेत. एकाचा आकडा ७९० आणि दुसऱ्याचा ६८० असेल तर बोलणी खालच्या आकड्यावर अडू शकतात.

एका गोष्टीची भीती मात्र बाळगू नये. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात ज्यांनी करोनामुळे हप्त्यांना मुदतवाढ घेतली, त्यांचे ते महिने थकबाकी म्हणून धरायचे नाहीत, असं तेव्हाच ठरलं होतं. तरीही अहवालात तसं दिसत असेल तर ती चूक आहे. चूक दुरुस्त करायची तक्रार बँकेकडे किंवा अहवाल कंपनीकडे करता येते. ३० दिवसांत ती सोडवली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. दुरुस्ती होईपर्यंत दरासाठी अर्ज करू नये. आधी अहवाल, मग अर्ज. उलट केलं की नकार पदरात पडतो आणि तोच नकार पुढच्या संभाषणाची सुरुवात ठरतो.

आपल्या शिक्षिकेचा अहवाल स्वच्छ निघाला. कर्ज घेताना तिचा आकडा ७४० होता, तो आता ८०५ झाला आहे असं धरू. शिवाय दोन गोष्टी अहवालात दिसत नाहीत, पण जोखमीच्या हिशेबात मोजल्या जातात. तेव्हा ५० लाखांच्या फ्लॅटवर ४० लाखांचं कर्ज होतं, म्हणजे किमतीच्या ८० टक्के. आज ३४ लाख बाकी आहे आणि फ्लॅटची किंमत ६८ लाख धरली तर प्रमाण निम्म्यावर आलं. पगारही वाढला, त्यामुळे हप्त्याचा त्यातला वाटा घटला. तारण दुप्पट, पगार वाढलेला, आणि ७२ महिन्यांचा पुरावा. हाच 'पतमूल्यांकनातला ठळक बदल'. अर्जात हे शब्द वापरायला हवेत, कारण नियमात हेच शब्द आहेत. अनेक बँका सिबिलच्या आकड्याच्या पट्ट्यांनुसार दर ठरवतात, त्यामुळे "माझा पट्टा बदलला आहे, त्याप्रमाणे जोखमीचा भाग फेरमोजा" ही मागणी त्यांच्याच दरपत्रकाला धरून असते.

इथवर पहिली खिडकी झाली. दुसरी खिडकी उघडते ती दुसऱ्या बँकेच्या कागदानं. ग्राहकांना वाटतं की "दुसरीकडे साडेसात आहे" असं तोंडी सांगितलं की काम भागतं. भागत नाही. जाहिरातीतला दर हा सर्वात चांगल्या ग्राहकाचा दर असतो. त्यासोबत पगाराचं खातं, आकड्याची अट, कधी महिला कर्जदाराची छोटी सवलत, कधी विमा असं बरंच काही बांधलेलं असतं. तुमच्या नावाचं, तुमच्या रकमेचं तत्त्वतः मंजुरीपत्र हवं. ते देताना दुसरी बँक तुमचा अहवाल तपासते आणि त्या तपासणीची नोंद राहते. म्हणून पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकत सुटू नये. एक किंवा दोन पुरेत.

हे पत्र मिळवतानाच एक सत्य समोर येतं, आणि ते मी मुद्दाम सविस्तर सांगतो. आपण खरंच जाऊ शकतो का, हे नुसत्या हप्त्यांच्या इतिहासावर ठरत नाही. घराच्या कागदांवरही ठरतं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, मंजूर नकाशापेक्षा जास्त मजले चढले आहेत, जागा गुंठेवारीतली आहे आणि नियमित झालेली नाही, किंवा बिल्डरकडच्या करारनाम्यांच्या साखळीतला एक कागद हरवला आहे, अशा घरावर दुसरी बँक कर्ज घ्यायला बिचकते, मग तुमचा आकडा ८५० असला तरी. २०२० मध्ये ज्या बँकेनं त्या प्रकल्पाला मान्यता दिली होती तिनं तेव्हा डोळेझाक केली असेल, पण आज नवा वकील ती करणार नाही. तुमच्या बँकेतल्या जाणत्या माणसाला हे ठाऊक असतं. तुम्ही कुठेही जाऊ शकत नाही हे त्याला फाइल पाहून कळतं, आणि तुमच्या पत्राला तो शांतपणे नकार देतो. म्हणून मोठ्या आवाजात "मी कर्ज हलवतो" असं म्हणण्याआधी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात आहे का ते बघावं. नसेल तर फक्त पहिल्या खिडकीतून, जोखमीच्या भागापुरती विनंती करावी. ती विनंती खरी असते, आणि तिला मागे घ्यावं लागत नाही.

शिक्षिकेचे कागद पूर्ण आहेत. आता तिनं अर्ज करायचा. तोंडी नाही, लेखी. शाखेत पोच घेऊन, आणि तोच मजकूर बँकेच्या ग्राहकसेवेच्या अधिकृत ई-मेलवर. दर बदलण्याचा अधिकार शाखेतल्या खिडकीवरच्या माणसाला जवळजवळ कधीच नसतो. तो गृहकर्जाच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे असतो, आणि तिकडे जातो तो कागद, ग्राहकाची कळकळ नाही. मजकूर साधारण असा पुरेल :

"माझ्या गृहकर्ज खात्यावर ३.२५ टक्के स्प्रेड लागू आहे. जानेवारी २०२० पासून ७२ हप्ते नियत तारखेला भरले असून एकही परत गेलेला नाही. कर्ज मंजुरीच्या वेळी माझा पत-गुणांक ७४० होता, आज तो ८०५ आहे. कर्ज आणि घराच्या किमतीचं प्रमाण ८० टक्क्यांवरून सुमारे ५० टक्क्यांवर आलं आहे. सबब माझं पतमूल्यांकन नव्यानं करून स्प्रेड आपण सध्या माझ्या गटातील नव्या ग्राहकांना देत असलेल्या पातळीवर आणावा. आकारणी असल्यास ती जीएसटीसह लेखी कळवावी. सोबत पत-अहवाल आणि दुसऱ्या बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र जोडलं आहे."

यात 'कृपया विचार व्हावा' एवढंच लिहून सोडलेलं नाही. जुना स्प्रेड, नवा स्प्रेड, आणि मधल्या बदलाचा पुरावा, तिन्ही आकड्यांत आहेत. 'माझ्या गटातील नव्या ग्राहकांना' हे शब्द जपून ठेवावेत. भेदभाव करू नये ही अट नियमातच आहे.

दोन आठवडे उत्तर आलं नाही, तर पुढची पायरी म्हणजे दोन कागद मागणं : कर्ज आज पूर्ण फेडायचं झाल्यास किती रक्कम भरावी लागेल त्याचं पत्र, आणि बँकेच्या ताब्यातल्या मूळ कागदपत्रांची यादी. बँकेच्या भाषेत 'फोरक्लोजर लेटर' आणि 'एलओडी'. कर्ज दुसरीकडे न्यायचं तर हे दोन कागद लागतातच, म्हणून ते मागितले गेले की बँकेला कळतं की ग्राहक बोलत नाही, चालायला लागला आहे. बऱ्याच बँकांत यानंतर दोन-चार दिवसांत फोन येतो. हा फोन शाखेचा नसतो, ग्राहक टिकवण्याचं काम करणाऱ्या विभागाचा असतो, आणि त्यांच्याकडे सूट देण्याचा अधिकार असतो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे किती तरी वेळा पाहिलं आहे. सहा महिने विनवण्या करून न मिळालेली गोष्ट यादीच्या अर्जानंतर आठवड्यात मिळते. ग्राहकाला हे आधी का सांगितलं जात नाही, याचं मला तेव्हाही उत्तर देता येत नव्हतं.

फोनवर पहिला आकडा सहसा पूर्ण मागणीचा नसतो. शिक्षिकेला बँक म्हणाली असं धरू : "साडेआठचे आठ करून देतो, फी बाकी मुद्दलाच्या पाव टक्का." पाव टक्का म्हणजे ८,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १०,०३०. आठ टक्क्यांनी तिचा हप्ता ३३,७०५ होईल, महिन्याला ९७२ रुपये वाचतील. दुसरी बँक साडेसात देते आहे, तिथे हप्ता ३२,७४७. पण हलण्याचा खर्च मोठा असतो : नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकनाचे पैसे, कागदपत्रं तारण ठेवल्याच्या नोंदीवरचं मुद्रांक शुल्क. सगळं मिळून ३५,००० धरू. राहण्यापेक्षा हलण्याला जवळपास पंचवीस हजार जास्त लागतात आणि महिन्याला ९५८ रुपये जास्त वाचतात. म्हणजे सव्वीस महिन्यांत तो जादा खर्च भरून निघतो आणि त्यापुढची जवळजवळ बारा वर्षं निव्वळ फायदा. हा हिशेब तिनं फोनवर मांडला की बोलणी बदलतात. बँकेच्या माणसालाही तो हिशेब करता येतो, आणि ती जाणार हे त्याला दिसतं. बँक साडेसातवर आली, तर १०,०३० रुपयांची फी सहा महिन्यांच्या आत सुटते, कारण आता महिन्याला १,९३० रुपये वाचत आहेत. पाऊणेआठवर थांबली तरी राहणं बहुधा बरं, कारण पाव टक्क्यासाठी कागदपत्रं हलवण्याची दगदग आणि खर्च भारी पडतो.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला बँकांना २०१२ पासून मनाई आहे. त्यामुळे "जाताना दोन टक्के भरावे लागतील" असं कुणी म्हणालं तर नियम विचारावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यावी लागतात, बँकेच्या दोषामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. जाणाऱ्या ग्राहकाची अडवणूक पूर्वी याच दोन ठिकाणी व्हायची.

दर उतरला की एक निर्णय लगेच घ्यायचा असतो, आणि बहुतेक लोक तो घ्यायचाच विसरतात. हप्ता कमी करायचा की मुदत? शिक्षिकेचा दर साडेसात झाला आणि तिनं हप्ता ३२,७४७ करून घेतला, तर १६८ महिन्यांत मिळून तिचे सुमारे सव्वातीन लाख रुपये वाचतील. पण तिनं हप्ता पूर्वीचाच, ३४,६७७, चालू ठेवला तर कर्ज १६८ ऐवजी १५३ व्या हप्त्याला संपेल, आणि वाचतील सुमारे ५ लाख ४५ हजार. त्याच सुटीतून सव्वादोन लाख जास्त, आणि घरखर्चात एक पैशाची ओढ नाही, कारण तो हप्ता ती आजही भरतेच आहे. बँक विचारत नाही, सांगावं लागतं, आणि तेही लेखी. हलवलेल्या कर्जात याच्या उलट धोका असतो : नवी बँक मुदत पुन्हा २० वर्षांची करते, हप्ता एकदम हलका दिसतो, आणि सहा वर्षं जास्त व्याज जातं. दर कमी झाला म्हणून खूश झालेल्या माणसाचं असं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील आणि बाकी आठ-दहा लाख असेल, तर अर्ध्या टक्क्याच्या सुटीत फी आणि धावपळ वजा जाता फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा साठवलेले पैसे मुद्दलात भरलेले बरे. नोकरी नुकतीच सुटली असेल किंवा निवृत्ती दोन वर्षांवर असेल, तर फेरमूल्यांकन मागू नये. जोखमीचा भाग करारात ठरल्याप्रमाणे वरही जाऊ शकतो. आणि बँकेनं सरळ 'नाही' म्हटलं, तर ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण दर किती असावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे, त्यात लोकपाल पडत नाही. उत्तरच न देणं, ठरल्यापेक्षा जास्त फी घेणं, रेपो उतरल्यावर दर वेळेत न बदलणं, अशा गोष्टींसाठी तो दरवाजा आहे.

मंजुरी फोनवर मिळाली तरी काम तिथे संपत नाही. नवा स्प्रेड लिहिलेलं पत्र हवं. 'दर साडेसात' एवढंच लिहिलेलं पत्र अपुरं आहे, कारण पुढच्या तिमाहीत रेपो हलला की साडेसात कशामुळे झाला ते कुणाला सांगता येणार नाही. 'रेपो अधिक २.२५' असं हवं. नवा दर कोणत्या तारखेपासून, तेही हवं. मग बँकेकडून हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागून तीन आकडे तपासायचे : पहिल्या ओळीतलं मुद्दल जुन्या शिलकीशी जुळतं का, म्हणजे फी गुपचूप कर्जात मिळवली नाही ना. हप्ता आपण सांगितला तोच आहे का. आणि शेवटच्या ओळीतली तारीख. शिक्षिकेच्या जुन्या वेळापत्रकात ती जानेवारी २०४० होती. हप्ता तोच ठेवला असेल तर नव्यात ती साधारण ऑक्टोबर २०३८ दिसायला हवी. जानेवारी २०४० च दिसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी शाखेत जाऊन ते दुरुस्त करून घ्यावं.